लाल चादरीवरची क्रीम लोकर: हस्तकलेच्या फोटोंची पार्श्वभूमी बदलण्याचं एक प्रकरण

सुरुवातीची स्थिती

या प्रकरणातल्या विक्रेत्या क्रोशेच्या वस्तू विणून ऑनलाइन विकतात. मऊ, केसाळ लोकरीचे प्राणी, जाळीदार पिशव्या आणि गोंडे लावलेल्या भिंतीवरच्या माळा असा त्यांचा माल. सगळं काम एकहाती, त्यामुळे दोन नग कधीच तंतोतंत सारखे नसतात. बऱ्याच वस्तू एकदाच विणल्या जातात आणि विकल्या की घरातून जातात. पुढे तसाच नग हवा असेल तर ऑर्डर घेऊन विणून द्यायचा आणि तोवर दुकानात जुना फोटो ठेवायचा, अशी त्यांची पद्धत.

फोटो त्या स्वतःच फोनवर काढत. खिडकीजवळच्या पलंगावर विटकरी लाल चादर, तिच्यावर वस्तू, की झाला फोटो. उजेड चांगला यायचा आणि क्रीम रंगाची लोकर लाल चादरीवर उठूनही दिसायची. स्वतःच्या पानावर विकत होत्या तोवर कुणाची तक्रार नव्हती. मग त्यांनी एका मोठ्या बाजारपेठेत खातं उघडलं. तिथे नियम असा की मुख्य फोटोची पार्श्वभूमी शुद्ध पांढरी हवी, म्हणजे लाल, हिरवा आणि निळा हे तिन्ही आकडे २५५. साठेक वस्तूंचे फोटो घेऊन त्या माझ्याकडे आल्या. बॅकग्राउंड तेवढं पांढरं करून द्या, एवढंच त्यांचं म्हणणं होतं.

अडचण नेमकी कुठे होती

येण्याआधी त्यांनी एका झटपट ॲपमधून दहा-बारा फोटो कापून पाहिले होते. फोनच्या पडद्यावर ते ठीक दिसत. मोठे करून पाहिल्यावर चार गोष्टी लक्षात आल्या आणि चौघींची कारणं वेगवेगळी निघाली.

पहिली गोष्ट कडांची. केसाळ लोकरीच्या सशाच्या कानाभोवती बारीक तंतूंचं वलय असतं. वस्तूचा मऊपणा गिऱ्हाइकाला त्या वलयावरूनच कळतो. ॲपने ते कात्रीने भादरल्यासारखं छाटून टाकलं होतं. ससा लोकरीचा कमी आणि प्लॅस्टिकचा जास्त वाटत होता.

दुसरी गोष्ट जाळीची. पिशवीच्या प्रत्येक भोकातून मागची लाल चादर दिसत होती. ॲपच्या लेखी बाहेरच्या कडेच्या आतलं सगळं म्हणजे वस्तू. त्यामुळे पांढऱ्या पार्श्वभूमीवर जी पिशवी आली तिला लाल अस्तर लावलेलं दिसत होतं. एका गिऱ्हाइकाने तर अस्तर कापडी आहे का, असं विचारलंसुद्धा.

तिसरी गोष्ट सगळ्यात त्रासाची होती. चादरीवर पडलेला उजेड परावर्तित होऊन वस्तूच्या खालच्या बाजूला लाल झाक देत होता. चादर मागे असताना डोळा हे खपवून घेतो, कारण लाल कशामुळे आलं ते समोर दिसत असतं. चादर काढली की कारण नाहीसं होतं आणि झाक मागे राहते. मग सशाचं पोट गुलाबी दिसतं. ‘लोकर गुलाबी नाही हो, क्रीम आहे,’ हे विक्रेत्यांना गिऱ्हाइकांना पुन्हा पुन्हा सांगावं लागत होतं.

चौथी गोष्ट सावलीची. कापलेल्या वस्तूखाली सावलीच उरली नव्हती, म्हणून सगळे प्राणी हवेत तरंगत होते.

समोर असलेले पर्याय

सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे ॲपनेच सगळे फोटो कापायचे आणि कडा हाताने थोड्या सुधारायच्या. गुळगुळीत, कठीण कडांच्या वस्तूंना हे पुरतं. लाकडी खेळणं किंवा चिनी मातीचा कप असता तर मीही हेच सुचवलं असतं. लोकरीच्या बाबतीत मात्र थोडी सुधारणा पुरत नाही, जवळपास सगळीच कड नव्याने करावी लागते.

दुसरा मार्ग पेन टूलने प्रत्येक वस्तूभोवती हाताने रेघ मारून कापण्याचा. बाहेर काम दिलं तर बहुतेक ठिकाणी हेच मिळतं. रेघ स्वच्छ येते, पण रेघ ही रेघच. तंतू अर्धपारदर्शक असतात. त्यांना ‘आत’ किंवा ‘बाहेर’ एवढीच उत्तरं चालत नाहीत, मधल्या छटाही लागतात.

तिसरा मार्ग सगळे फोटो पांढऱ्या कागदावर नव्याने काढण्याचा. कडा, झाक आणि सावली या तिन्हींवर हाच खरा इलाज. पण निम्म्याच्या आसपास वस्तू विकल्या जाऊन गेलेल्या होत्या.

इथे पहिला निर्णय झाला आणि पुढचं सगळं त्यावरच बेतलं. वस्तूंची वर्गवारी प्रकारानुसार न करता ‘घरात आहे’ आणि ‘घरात नाही’ अशा दोन गठ्ठ्यांत केली. घरात आहे तिचा फोटो नव्याने काढायचा, मग जुना फोटो कितीही छान असो. गेलेल्या वस्तूंच्याच जुन्या फोटोंवर मेहनत घ्यायची. विक्रेत्यांना हे आधी पटलं नाही. तयार फोटो असताना पुन्हा खटाटोप कशाला, असा त्यांचा सवाल होता. एका सशाचे दोन फोटो शेजारी ठेवून दाखवले, एक लाल चादरीवरून कापलेला आणि एक साध्या पांढऱ्या कागदावर काढलेला. त्यानंतर वाद उरला नाही.

घरातल्या वस्तू: न कापता पार्श्वभूमी बदलणं

या गठ्ठ्यात एकही वस्तू आम्ही कापली नाही. पार्श्वभूमी बदलायची म्हणजे आधी वस्तू कापायची, असं बहुतेक जण धरून चालतात. मागचा कागद मुळातच पांढरा असेल तर कापण्याची गरज पडत नाही. कागद थोडा उजळ करून पुरता पांढरा केला की काम होतं. तंतू आपोआप टिकतात, कारण त्यांना कुणी हातच लावलेला नसतो.

मांडणी साधी होती. पांढऱ्या कागदाची गुंडाळी भिंतीला वरून चिकटवली आणि टेबलावर घडी न पाडता बाकदार उतरवली. घडी पडली की तिथे करडी रेघ येते आणि ती मग प्रत्येक फोटोत पुसत बसावी लागते. खिडकी डावीकडे, तिच्यावर पातळ पडदा, उजवीकडे थर्माकोलचा पांढरा तुकडा. खोलीतले दिवे बंद, कारण खिडकीचा उजेड आणि दिव्याचा उजेड मिसळला की एकाच वस्तूची एक बाजू निळसर आणि दुसरी पिवळसर येते.

फोनचा कॅमेरा समोरचं दृश्य सरासरी करड्या उजेडाचं आहे असं गृहीत धरतो. त्यामुळे पांढरा कागद समोर आला की तो फोटो अंधारा करतो आणि कागद करडा येतो. विक्रेत्यांना एवढंच शिकवलं: वस्तूवर बोट दाबून फोकस आणि उजेड बांधून टाका, मग उजेडाची पट्टी हळूहळू वर न्या आणि कागद जवळजवळ पांढरा झाला की थांबा. खूण म्हणजे लोकरीचे टाके. सगळ्यात उजळ भागातले टाके सपाट होऊ लागले की तुम्ही पुढे गेलात. आम्हाला कागद २३५ ते २४५ च्या आसपास हवा होता. शेवटचा टप्पा संगणकावर करायचा होता.

संगणकावर फोटो सुधारण्याच्या प्रोग्राममध्ये Levels, म्हणजे कुठला आकडा पुरता काळा आणि कुठला पुरता पांढरा धरायचा हे ठरवण्याची सोय, उघडून पांढरं टोक २३८ च्या जवळपास आणलं. त्याहून उजळ असलेला सगळा कागद २५५ झाला आणि वस्तूखालची सावली खऱ्याच सावलीसारखी हळूहळू विरत गेली. मात्र त्याच झटक्यात क्रीम लोकरही उजळली आणि पोटावरचे टाके पुसट झाले. म्हणून Levels च्या लेअरला मास्क लावला आणि वस्तूच्या आतला भाग मऊ ब्रशने काळा रंगवला. मास्क जिथे काळा तिथे लेअरचा परिणाम दिसत नाही. ब्रश कडेपर्यंत नेला नाही. कडेच्या थोडं आतच थांबलो, म्हणजे तंतूंचं वलय उजळलेल्या भागात राहिलं आणि पोट मूळ रूपात. हे रंगवणं ढोबळ असलं तरी चालतं. कापण्याला लागते तशी नजर इथे लागत नाही आणि वेळ वाचतो तो इथेच.

खिडकीपासून लांब असलेला कागदाचा कोपरा मात्र हट्टी निघाला. तिथे कागद २१५ च्या आसपास होता. सगळ्या चित्राचं पांढरं टोक तेवढं खाली आणलं असतं तर सावलीच उडाली असती. त्यामुळे तो कोपरा वेगळ्या लेअरवर मऊ पांढऱ्या ब्रशने उजळला. सगळं खरंच पांढरं झालं का, हे डोळ्यांना कळत नाही, कारण २५० आणि २५५ पडद्यावर एकसारखेच दिसतात. म्हणून सगळ्यात वर तात्पुरता Threshold लावून त्याचा आकडा २५५ वर ठेवायचा. जे पूर्ण पांढरं नाही ते काळं दिसतं. वस्तू आणि सावली काळी दिसलीच पाहिजे, पण कोपऱ्यात काळे डाग दिसले तर तिथलं काम बाकी आहे.

गेलेल्या वस्तू: लाल चादरीचा उपयोग

हे फोटो हातात घेण्याआधी एक गोष्ट मागून घेतली, ती म्हणजे फोनमधल्या मूळ फाइली. विक्रेत्यांनी आधी मेसेजिंग ॲपवरून पाठवले होते त्यांत कडेला चौकोनी ठोकळे दिसत होते आणि लाल रंग लोकरीवर पसरला होता. जेपेगमध्ये उजेडाच्या माहितीची बारकाई पूर्ण ठेवली जाते, पण रंगाची माहिती बहुतेक वेळा उभी-आडवी निम्म्या बारकाईनेच साठवतात. लाल आणि क्रीम यांच्या सीमेवर हे लगेच दिसतं. वर ॲपने फोटो लहान करून पुन्हा दाबला की तंतू आणि चादर यांतला फरकच उरत नाही. काही वस्तूंच्या मूळ फाइली विक्रेत्यांनी पुसून टाकल्या होत्या. त्या वस्तू मुख्य फोटोसाठी धरल्याच नाहीत.

बाकीच्यांसाठी त्रास देणारी चादरच कामाला आली. फोटोतल्या लाल, हिरव्या आणि निळ्या रंगाच्या आकड्यांचं प्रत्येकी एक वेगळं करडं चित्र असतं, त्याला चॅनेल म्हणतात. विटकरी लाल कापडात लाल चॅनेल उजळ असतो, हिरवा आणि निळा अगदी काळोखे. क्रीम लोकरीत तिन्ही उजळ. त्यामुळे फोटोचा नुसता हिरवा चॅनेल पाहिला तर काळ्या जमिनीवर जवळजवळ पांढरा ससा दिसतो. म्हणजे मास्क अर्धाअधिक तयारच असतो. चादर ३५ ते ४० वर आणि लोकर २०० च्या पुढे, असं बहुतेक फोटोंत होतं.

या चॅनेलची प्रत काढली आणि Levels ने काळं टोक ६० च्या आसपास, पांढरं टोक १७० च्या आसपास ठेवलं. दोन्ही टोकं फार जवळ आणायची नाहीत. मधल्या करड्या छटा म्हणजेच अर्धपारदर्शक तंतू. त्या गेल्या की पुन्हा कात्रीने कापल्यासारखी कड येते. मग ही प्रत मास्क म्हणून लावली. टाक्यांच्या खोल सावल्या आणि सशाचं लाल नाक मास्कमध्ये काळं झालं होतं, म्हणजे तिथे वस्तूला भोकं पडली. ती आतून पांढऱ्या ब्रशने बुजवली. जाळीच्या पिशवीत मात्र ब्रश फिरवायचा नाही. तिथली भोकं खरी आहेत आणि या पद्धतीत ती एकही निवडावी न लागता आपोआप मोकळी होतात. लाल अस्तराचा प्रश्न तिथेच मिटला.

यानंतर राहिली कडेची लाल झाक. कापलेल्या वस्तूला चिकटलेला नवा लेअर घेतला, त्याचा मोड Color ठेवला आणि पोटाच्या स्वच्छ भागातला क्रीम उचलून कडेवर आणि खालच्या बाजूला हलक्या हाताने फिरवला. या मोडमध्ये उजेड-सावली खालच्या फोटोची राहते, रंग तेवढा बदलतो, म्हणून टाके जसेच्या तसे दिसतात. पण रंग गेला तरी काळपटपणा जात नाही. लाल चादर गडद होती आणि तंतूंमधून तिचा गडदपणाही आलेला असतो. पांढऱ्यावर ठेवल्यावर वलय मळकट दिसू लागलं. त्यासाठी आणखी एक लेअर Lighten मोडमध्ये घेऊन कमी तीव्रतेच्या ब्रशने उजळ क्रीम फक्त कडेवर दिला.

तपासणीसाठी पांढऱ्याच्या जागी आधी काळी, मग मधली करडी पार्श्वभूमी ठेवून पाहिली. पांढऱ्यावर कडेचे मळकट तंतू दिसतात, पण चुकून मागे राहिलेले उजळ तुकडे लपतात. काळ्यावर नेमकं उलटं. दोन्हींवर कड खरी वाटली तरच फोटो पुढे गेला.

सावलीचा निर्णय

पांढऱ्या कागदावरच्या फोटोंत सावली खरी होती. कापलेल्या फोटोंत ती बनवावी लागणार होती. जुन्या फोटोची करडी प्रत काढून ती वस्तूखाली Multiply मोडमध्ये, म्हणजे तिचा गडद भाग तेवढा पार्श्वभूमीवर उमटेल अशी, ठेवायची आणि चादर पांढरी होईपर्यंत उजळ करायची, हा एक मार्ग असतो. त्यात मूळ सावली मिळते. आम्ही तो करून पाहिला, पण चादरीच्या सुरकुत्याही सावलीसोबत आल्या. सशाच्या पायाशी गडद रेघांचं जाळं दिसू लागलं. कापड ताणून अंथरलेलं असतं तर हाच मार्ग धरला असता.

शेवटी सावली हाताने काढली, दोन थरांत. वस्तू जिथे टेकते तिथे अरुंद, गडद पट्टी. तिच्याबाहेर रुंद, फिकट आणि पूर्ण विरघळणारी दुसरी. वस्तू तरंगते की टेकते हे पहिल्या पट्टीवर ठरतं. अनेकजण नुसतीच दुसरी देतात, म्हणून त्यांच्या वस्तू जमिनीच्या थोड्या वर राहतात. दिशा वस्तूवरून ठरवली. सशाचा डावा गाल उजळ असेल तर सावली उजवीकडेच गेली पाहिजे. आधीचे फोटो कधी डावीकडून, कधी उजवीकडून उजेड घेऊन काढले होते, त्यामुळे सरसकट एकच सावली सगळ्यांना चिकटवता आली नाही.

मध्येच आलेली एक मागणी

काम अर्ध्यावर असताना विक्रेत्यांनी विचारलं, पिशव्या संगमरवरी टेबलावर, शेजारी झाडाची कुंडी, अशा ठेवून देता येतील का? तयार चित्रं मिळत होती आणि कापलेल्या वस्तूही हाताशी होत्या.

एका पिशवीवर करून पाहिलं. दोन गोष्टी आड आल्या. पिशवीचा फोटो बराच वरून काढलेला होता आणि टेबलाचं चित्र जवळजवळ समोरून. पिशवी टेबलावर ठेवलेली न वाटता पुढे कलंडत असल्यासारखी दिसत होती. हे लेअर हलवून सुधारत नाही, कॅमेऱ्याची उंचीच वेगळी आहे. दुसरी गोष्ट आकाराची. कुंडी किती मोठी हे कुणालाच ठाऊक नाही, म्हणून पिशवी बाजाराच्या थैलीएवढी वाटू लागली. प्रत्यक्षात तिच्यात फोन आणि पाकीट मावतं. वस्तू हातात आल्यावर गिऱ्हाईक नाराज झालं असतं आणि त्याचं नाराज होणं रास्तच असतं.

त्यामुळे बनवलेलं दृश्य वगळलं. घरातल्या प्रत्येक प्रकारातल्या एका वस्तूचा हातात धरलेला खरा फोटो काढून तो दुसऱ्या क्रमांकावर लावला. आकार कळण्यासाठी हातासारखी मोजपट्टी नाही.

निकाल

बाजारपेठेने फोटो नाकारणं थांबलं. पिशवीच्या अस्तराविषयीचे आणि लोकरीच्या रंगाविषयीचे प्रश्नही विक्रेत्यांना येईनासे झाले. विक्री वाढली की नाही याचं श्रेय फोटोंना द्यायला मी धजावणार नाही, कारण त्याच सुमारास त्यांनी किमती आणि वर्णनंही बदलली होती.

एक नवी अडचण मात्र निघाली. क्रीम ससा शुद्ध पांढऱ्यावर, तोही यादीतल्या लहानशा चौकोनात, जवळजवळ दिसेनासाच झाला. लाल चादरीवर तो ठसठशीत दिसायचा, हे विक्रेत्यांचं म्हणणं खरंच होतं. बाजारपेठेत पांढऱ्याला पर्याय नव्हता, म्हणून तिथे सावली थोडी गडद केली आणि ससा चौकटीत मोठा घेतला. त्यांच्या स्वतःच्या पानासाठी त्याच लेअर असलेल्या फाइलींमधून फिकट करड्या पार्श्वभूमीची दुसरी प्रत काढली. कापलेल्या फोटोंत हे चुटकीसरशी झालं. न कापलेल्यांत जमलं नाही, कारण तिथे पांढरा कागद आणि तंतू एकमेकांत मिसळलेले होते. त्यांवर वरून करडा थर Multiply ने दिला आणि वस्तूचा आतला भाग आधीच्याच ढोबळ मास्कने वगळला. तंतूंवर किंचित करडी छटा आली. ती विक्रेत्यांना चालली, मला फारशी आवडली नाही.

पुन्हा करायचं झालं तर

वर्गवारी करताना ‘घरात आहे की नाही’ यासोबत ‘वस्तू किती फिकट’ हाही प्रश्न पहिल्याच दिवशी विचारेन. फिकट वस्तू कागदावर ठेवताना तिच्या दोन्ही बाजूंना, चौकटीबाहेर, काळ्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या उभ्या करता येतात. त्यांचं गडद प्रतिबिंब वस्तूच्या कडांवर येतं आणि पांढऱ्यावर पांढरी वस्तू वेगळी दिसते. काचेच्या वस्तूंना ही युक्ती नेहमी वापरतात. लोकर चकाकत नसल्याने तिच्यावर परिणाम कमी होतो, तरी कडेची छटा थोडी उतरते.

रंग दुरुस्ती कापण्याच्या आधी करायची की नंतर, हाही मुद्दा आहे. आम्ही झाक प्रत्येक वस्तूवर वेगळी काढली. एकाच बैठकीत काढलेल्या फोटोंचा पांढरा समतोल आधी एकत्र सारखा केला असता तर निदान पिवळेपणाचा भाग सगळ्यांतून एकदम गेला असता. चादरीची लाल झाक तरीही उरली असती, कारण ती सगळीकडे सारखी नसते, खालच्या बाजूला जास्त असते.

एका वस्तूला आम्ही हात लावला नाही. विटकरी लाल लोकरीची जाळीदार पिशवी, त्याच विटकरी लाल चादरीवर. कुठल्याही चॅनेलमध्ये दोघींत फरक सापडेना आणि जाळीची भोकं हाताने निवडण्याइतकी ती वस्तू विकली जात नव्हती. बाजारपेठेतून ती काढून टाकली. विक्रेत्यांच्या पानावर ती अजून चादरीसकट आहे. पुढची ऑर्डर आली की पिशवी विणून झाल्यावर, पाठवण्याआधी कागदावर फोटो काढायचा असं ठरलं आहे.